कोणतं पित्त

संतपूरच्या त्या घरात सकाळी आधी पाण्याची मोटर सुरू व्हायची, मग कुकर, मग चांगुणाबाईंची तक्रार. त्या दिवशीही त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रात्रीपासून पित्त उठलंय बग. घशाशी आंबट पाणी यायलंय."

"वरणात मिरची वतलीस तू अन् दोष पित्ताला," त्यांची मुलगी स्नेहल म्हणाली.

"गप खा. भाकर खायलीस का तिची परीक्षा घ्यायलीस?"

स्नेहल खरोखरच घास चावता चावता भाकरीच्या पचनाच्या पायऱ्या पुटपुटत होती. लाळेतलं अमायलेज, पुढे स्वादुपिंडातलं अमायलेज, लहान आतड्याच्या भिंतीशी माल्टेज, शेवटी ग्लुकोज. उदगीरला मराठीतून शिकून ती बी.एस्सी. झाली होती आणि आज बिदरच्या एका महाविद्यालयात आहारशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी तिची तोंडी परीक्षा होती. एकच जागा उरली होती. ती हुकली, तर सोमवारपासून मामाच्या औषधांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. दुकानातून परत पुस्तकांकडे आलेलं कुणी तिच्या पाहण्यात नव्हतं.

"उलट बोलू नको तिथं," निघताना आईने बजावलं. "मोठी माणसं असत्यात."

परीक्षेच्या खोलीत टेबलापलीकडे दोघं होती. डॉ. अमरेश कन्नडमधून विचारत. मराठी त्यांना येत नव्हती. शेजारी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ सौम्या मॅडम. त्या सीमेवरच्या खजुरी गावच्या, दोन्ही भाषा घरच्या, म्हणून प्रश्न-उत्तरांचं भाषांतर त्यांच्याकडे होतं. बाहेर बाकावर शेवटची उमेदवार, चन्नव्वा, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"रात्रभर पोट रिकामं. सकाळी रक्तातली साखर टिकते कशी?"

"यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनमधून. ते कमी पडायला लागलं की यकृत अमिनो आम्लांपासूनही ग्लुकोज बनवतं."

डॉ. अमरेशांनी मान हलवली. "जेवणातून जास्तीची प्रथिनं आली तर?"

"अमिनो आम्लांतला नायट्रोजन वेगळा होतो. यकृत त्याचा युरिया करतं, तो लघवीवाटे जातो. उरलेल्या भागातून ऊर्जा मिळते, नाहीतर तो साठवला जातो."

उत्तरं भराभर येत होती आणि त्या वेगाचाच तिला धीर वाटू लागला होता.

"पोटात प्रथिनांचं पचन कशाने सुरू होतं?"

"पित्त आणि पेप्सिननं," स्नेहल म्हणाली.

डॉ. अमरेशांचं पेन थांबलं. हा शब्द त्यांना भाषांतराशिवाय कळला होता. "पित्त?"

सौम्या मॅडम शांतपणे कन्नडमध्ये बोलल्या. त्यातले तीन शब्द स्नेहलला ओळखू आले: मराठी, पित्त, आम्ल. रोजच्या बोलण्यातल्या मराठीत पोटातल्या आम्लालाच पित्त म्हणतात, असं मॅडम सांगत होत्या. डॉ. अमरेशांनी क्षणभर मॅडमकडे पाहिलं, मग कागदावर बरोबरची खूण केली.

स्नेहलचे कान तापले. सकाळचं आईचं वाक्य जसंच्या तसं जिभेवर आलं होतं. तिला आम्ल म्हणायचं होतं का? म्हणायचं होतंही, पण बोलताना तिने फरक केलाच नव्हता.

शेवटचा प्रश्न कन्नडमधून आला आणि त्यात पुन्हा तोच शब्द होता. पित्ताचं काम काय?

"पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं, लहान आतड्यात येतं. त्यात पचवणारं विकर नसतं. ते चरबीचे बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडातलं लायपेज त्यांचं पचन करतं." वाक्यागणिक तिचं मघाचं उत्तर अधिकच चुकीचं ठरत होतं.

"चांगलं," डॉ. अमरेश मराठीत म्हणाले. बहुधा तेवढाच शब्द त्यांना येत असावा. "या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

स्नेहल उठली. गप्प राहिली तर खूण तशीच राहणार होती. बोलली तर गुण जाणार आणि मॅडमनी आपल्या भाषेची म्हणून बाजू घेतली, असंही दिसणार. पण उद्या रुग्णालयात एखादी बाई तिच्यासमोर बसून 'पित्त झालंय' म्हणेल. घशाशी आंबट येतंय, की तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतंय, हे तिला विचारावं लागेल. तिथे शब्द सावरून घ्यायला कुणी बसलेलं नसेल.

ती दाराशी न जाता परत खुर्चीमागे उभी राहिली.

"मॅडम, सरांना सांगता का? मघाशी मी पित्त म्हणाले ते चुकलं. तुम्ही मला समजून घेतलं, पण मी फरक केला नव्हता. पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते प्रथिनांच्या घड्या उलगडतं आणि पेप्सिनोजेनचं पेप्सिन करतं. पित्त तिथलं नव्हे."

सौम्या मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "बसलं होतं की उत्तर. कामून उकरायलीस?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, मॅडम."

मॅडमनी सांगितलं, एकही शब्द न गाळता. डॉ. अमरेशांनी कागद पुढे ओढला, ती खूण खोडली आणि पुढच्या उमेदवाराचं नाव वाचलं.

स्नेहलने खुर्ची आवाज न करता टेबलाला लावली. बाहेर येऊन तिने चन्नव्वासाठी दार उघडं धरलं.