साडेसात महिने घरी

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे मालक जोतीराम चौगुले यांनी वर्षाराणीचा बायोडेटा टेबलावर आपटला.

"चौदा महिने नोकरी न्हाई, आन् म्हणं स्वतंत्र सल्लागार! नोकरी गेली की हल्ली समदी सल्लागारच हुत्यात. खरं सांगा मॅडम, घरात बसून होता न्हवं?"

वर्षाराणीचे कान तापले, पण तिनं आवाज चढू दिला नाही.

"साडेसात महिने घरीच होते. तसं लिहिलंय की त्यात. उरलेले साडेसहा महिने तीन कारखान्यांत मालाच्या तपासणीचं काम केलं. कुठं, काय, किती दिवस, सगळं मालकांच्या नंबरासकट आहे."

चौगुल्यांनी शेवटचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. वर्षाराणीनं नंबर ओळखला. नेमका तोच!

"ती बाई?" पलीकडचा मालक उसळला. "अजिबात घेऊ नका! महिन्याभरात घालवली मी तिला. भरलेली गाडी गेटवर अडवली तिनं. गिऱ्हाईक माझ्यावर चवताळलं."

"का अडवली पण?"

चौगुले फोनकडं वाकले.

"पावणं, माल कसा हुता?"

"चिरा हुत्या थोड्या," असं पुटपुटून त्यानं फोन ठेवला.

चौगुल्यांनी तिच्याकडं रोखून बघितलं. "ह्याचं नाव गाळलं असतं, तर मला कळलंबी नसतं की."

"मग तो महिनाही घरी बसले होते असं लिहावं लागलं असतं," वर्षाराणी म्हणाली. "आणि त्या महिन्यात मी कामावर होते."