वाढत्या मापाचं हेल्मेट

धनराजच्या घरी पोरांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. साडेतीन वर्षांच्या तन्वीचं हेल्मेटही त्याने तसंच आणलं.

बाकी त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. तिला स्कूटरवर पुढे उभं करणं बंद केलं, मागे बसवून पट्ट्यांनी आपल्या अंगाशी बांधलं, आणि वेगाचा काटा तिशीच्या वर जाऊ दिला नाही. तरी पोर आज गप्प का? एरवी गाय दिसली, फुगेवाला दिसला की ओरडून सांगायची!

डिंडोलीच्या पुलाआधी त्याने स्कूटर कडेला लावली आणि पट्टे सोडून तिला खाली उतरवलं.

"तनू, ती गाय बघ बरं."

तन्वीची मान वळली. हेल्मेट मात्र सरळच राहिलं, आणि तोंडाच्या जागी तिचा कान दिसू लागला.

धनराजला आधी हसू फुटलं, मग उमगलं, एवढं ढिलं हेल्मेट पडल्यावर डोकं काय वाचवणार! एका हाताने तिचं बोट धरून, दुसऱ्याने स्कूटर ढकलत तो थेट हेल्मेट घेतलेल्या दुकानात गेला.

"चालशे भाई, चालेल," गुजराती दुकानदार म्हणाला, "पुढल्या वर्षी बरोबर बसेल."

"पण भाई," धनराज म्हणाला, "ती माझ्या मागे आज बसते."