एका डोळ्याची बाटली

घड्याळजी भिंतीला हात लावत दुकानात शिरले, तेव्हाच औषधवाल्या बाईंना काहीतरी बिनसल्याची शंका आली. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा कधीच नेला होता; पण उजव्याच्या भरवशावर ते एरवी ताठ चालत येत.

"ताई, लाली घालवणारे काहीतरी थेंब द्या. कालपासून डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय."

"काका, इकडे उजेडात या बघू."

डोळा लालभडक झाला होता, कडांना पिवळट चिकटा होता. बुबुळावर एक पांढुरका ठिपकाही दिसत होता.

"समोरची पाटी वाचता येते?"

"पाटी आहे एवढं दिसतं. वाचायला काय, पाठच आहे मला," म्हणत ते हसले. बाईंना हसू आले नाही.

"काचबिंदूच्या रोजच्या थेंबांची बाटली आणलीत?"

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली चिमुकली बाटली काढली. तळाशी दोन-चार थेंब उरले होते. तोटीभोवती पांढरट थर साचला होता.

"ही कधी फोडलीत?"

"फोडलीत काय, ताई, नारळ आहे का? तारीख बघा की. पुढच्या वर्षापर्यंतची आहे."

"ती तारीख बंद बाटलीची. झाकण उघडलं की ती मोजायची नाही. उघडल्यापासून चार आठवडे, आणि मग आत कितीही उरलं असलं तरी टाकून द्यायची."

"टाकून? चार आठवड्यांत तर अर्धीसुद्धा संपत नाही."

बाईंनी संगणकात पाहिले. शेवटची खरेदी अकरा आठवड्यांपूर्वीची होती. त्याआधीचीही तितक्याच अंतराची. दोन्ही डोळ्यांत थेंब घालणाऱ्याची बाटली महिनाभरात बरीचशी संपते. त्याची चूक झाली तरी थोडक्यात निभावते. यांना रोज रात्री एकाच डोळ्यात एकच थेंब लागे. म्हणून बाटली पुरत राहिली, आणि पुरते आहे याचाच त्यांना आनंद होता.

"थेंब घालताना तोटी कुठे टेकते का?"

"पापणीला टेकवतो. दुसरा डोळा नाही ना. आरशात नेम धरता येत नाही. टेकवली की थेंब बरोबर आत."

"तिथूनच जंतू आत गेले असणार, काका. बाटलीत ते वाढू नयेत म्हणून औषध घातलेलं असतं, पण त्यालाही मर्यादा असते. बुबुळावर जखम झालीय असं मला वाटतं. लालीचे थेंब मी देणार नाही. त्यांतल्या काहींनी जखम चिघळते. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं."

घड्याळजी हळूच म्हणाले, "पण ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. पहिल्या वेळी. एकाच डोळ्याला बाटली फार दिवस पुरेल, चालेल का? तुम्ही खोका बघितलात आणि म्हणालात, तारीख लांब आहे, निश्चिंत वापरा."

गर्दीची संध्याकाळ असावी. बाईंना तो दिवस आठवेना. वाक्य मात्र आपलेच आहे हे ऐकताक्षणी पटले. असे त्या किती जणांना म्हणाल्या असतील? खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत चार आठवड्यांची सूचना होती, आणि घड्याळजी कामाच्या भिंगाशिवाय तेवढी अक्षरे वाचू शकत नाहीत हे बाईंइतके कोणाला ठाऊक होते?

"म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "म्हणालेच. चूक माझी आहे, काका."

"असू दे. चला, कुठे न्यायचं ते न्या. घड्याळं दुरुस्त करायची आहेत मला."

बाईंनी बाटली स्वच्छ पिशवीत घातली, दुकान बंद केले, घड्याळजींच्या सुनेला फोन केला आणि त्यांना घेऊन दवाखाना गाठला. नोंदणीच्या कागदावर त्यांनी स्वतःच लिहिले: बाटली अकरा आठवडे उघडी, तोटी पापणीला टेकत असे, औषध देताना दुकानातून चुकीची माहिती दिली गेली. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली, पण खोडली नाही.

डॉक्टरांनी बुबुळावरचा थर खरवडून तपासणीला पाठवला, बाटलीही ठेवून घेतली. दोन्हींत तेच जंतू निघाले. दर तासाला नवे थेंब, तेही रात्रंदिवस, सुरू झाले. डोळा वाचला. नजर वाचली नाही; बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग राहिला. पुढेमागे बुबुळ बदलता आले तर बघू, पण काचबिंदू असलेल्या डोळ्यात खात्री देता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

दीड महिन्याने घड्याळजी सुनेच्या दंडाला धरून आले. डोळ्याचा दाब वाढू नये म्हणून रोजचा थेंब चालूच ठेवायचा होता.

बाईंनी नवी बाटली काढली. सुनेसमोर मोठ्या अक्षरांत लेबल लिहिले: उघडल्याची तारीख, टाकण्याची तारीख.

"काय लिहिताय?" घड्याळजींनी विचारले. पेनाचा आवाज त्यांना ऐकू आला होता.

बाईंनी दोन्ही तारखा वाचून दाखवल्या.

"पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले. "मला आता पाठच करावं लागेल सगळं."

त्यांनी पुन्हा सांगितले. मागे चार गिऱ्हाइके खोळंबली होती. बाईंनी तिसऱ्यांदाही सांगितले.