बँक डेबिट, दोन लाख

माझा आवाज मोठा हाय. बाया म्हणतात, शिवकन्याताई बोलायला लागली की शेळ्या बी गप होतात. म्हणून तर त्यांनी मला अध्यक्ष केलं. जळकोटात शेळ्या पाळणाऱ्या आमच्यासारख्या बायांची ही कंपनी. सगळ्यांनी शेअरचे पैसे भरले, मिळून दोन लाख झाले. हिशेब लिहायला इरम्माचा पोरगा महारुद्र ठेवला. बी.कॉम. झालेलं पोरगं, कॉम्प्युटरवर लिहायचं. मला मावशी म्हणायचं.

बैठकीच्या आदल्या दिवशी म्या त्याच्याकडून हिशेबाचा कागद काढून घेतला. बारावीपर्यंत शिकलेली बाई मी, मला काय वाचता येत न्हाय का? वाचलं आणि अंगाची लाहीलाही झाली. एकाच तारखेला दोन ओळी होत्या. सभासद भागभांडवल, क्रेडिट दोन लाख. बँक, डेबिट दोन लाख.

आता डेबिट म्हणजे काय, हे फोनवाल्या प्रत्येक माणसाला ठाऊक हाय. पैसे गेले की मेसेज येतो, तुमचं खातं डेबिट झालं. म्हणजे आमचे पैसे जमा झाले आणि त्याच दिवशी बँकेतून गेले. कंपनीचे मेसेज आधीच्या अध्यक्षबाईंच्या नंबरावर जायचे, त्या लेकीकडं पुण्याला. पासबुक कधीचं भरलेलं न्हवतं. कुणाला पत्ता लागणार? पोरगं लई हुशार निघालं, असं मनात म्हणले.

बैठक मारुतीच्या सभामंडपात होती. म्या उभी राहिले आणि कागद मोठ्यानं वाचला. मग महारुद्राकडं बघून विचारलं, "दोन लाख कुठं गेले रं?"

तो गोंधळला. "मावशी, गेले न्हाय. बँक डेबिट म्हणजे आपल्या वहीत बँकेत पैसे आले."

"डेबिट म्हणजे आले? मला शिकवतोस व्हय?"

बाया हसल्या. त्या हसल्या म्हणून मला अजून जोर चढला. तो काहीतरी सांगत होता, आपली वही येगळी, बँकेची वही येगळी. म्या त्याला बोलूच दिलं न्हाय. म्हणले, "शिकलेली चोरी हाय ही. याला काढायचं असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. दाराशी इरम्मा बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढला, आणि पदराखालून तिचा बी हात वर आला. महारुद्रानं ते बघितलं. खिशातून कंपनीच्या कपाटाची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली आणि गेला. ठराव लिहायचं काम त्याचंच असायचं. त्या दिवशी म्या माझ्या हातानं लिहिला, आणि खाली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले, तक्रार द्यायला. तिथल्या मॅडमनं खातं उघडून बघितलं. "ताई, पैसे आहेत की. शेअरचे दोन लाख आले, त्यातून चाऱ्याचे अठरा हजार दिले, बाकी सगळे इथंच."

म्या कागद त्यांच्यापुढं सरकवला. "मग ह्यात डेबिट का लिहिलंय?"

"बरोबर लिहिलंय." त्यांनी पेन घेतलं. "तुमचे पैसे बँकेकडं आले, म्हणजे बँक तुमचं देणं लागते. बँकेच्या वहीत देणं वाढलं, की ते क्रेडिट. तुम्हाला मेसेज येतो तो आमच्या वहीतला. तुमच्या वहीत तेच पैसे तुमची मालमत्ता. मालमत्ता वाढली, की डेबिट."

"आणि भागभांडवलाला क्रेडिट लिहिलंय ते?"

"ते पैसे आले कुठून, ते सांगितलंय. बायांचे आहेत ते, कंपनी त्यांना बांधील आहे. भांडवल वाढलं, की क्रेडिट. दोन ओळी म्हणजे पैसे आले नि गेले असं नाही. एकच व्यवहार आहे. एक ओळ सांगते कुठून आले, दुसरी सांगते कुठं ठेवले. डेबिट म्हणजे कमी आणि क्रेडिट म्हणजे जास्त, असं सरसकट नसतं. खातं कशाचं आहे, त्यावर ठरतं."

मग त्यांनी खालच्या ओळीवर पेन टेकवलं. "हे बघा की. चारा खरेदी डेबिट, बँक क्रेडिट. तुमच्या हिशेबानं गेलं तर चाऱ्याचे पैसे दिले तेव्हा बँकेत पैसे वाढले म्हणावं लागेल."

ती ओळ म्या बघितली होती. बैठकीच्या आधीच बघितली होती, आणि काहीतरी इचित्र वाटलं बी होतं. पण तोवर मला चोर सापडला होता, म्हणून पुढं सरकले. मॅडम पाणी घ्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडं वर बघवंना. जमीन दुभंगावी आणि आत जावं, असं झालं. जिथं हात जोडून विचारायचं तिथं म्या मंडप गाजवला होता.

तिथून थेट इरम्माच्या घरी गेले. महारुद्र अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. इरम्मा चुलीपुढं, पाठ करून. दोघंबी एकमेकांशी बोलत न्हवते, हे उंबऱ्यातूनच कळलं.

"महारुद्रा, माझं चुकलं. बँकेत जाऊन आले. तू लिहिलेलं बरोबर हाय. पाया पडते तुझ्या."

"पाया नका पडू, मावशी." त्यानं पाल्याची पेंडी खाली ठेवली. "माझं राहू द्या. आईशी बोला. तिनं कालपासून भाकर खाल्ली न्हाय."

म्या आत गेले. म्हणले, "इरम्मा, दोष माझा हाय. म्याच उलटं वाचलं. तुमी तर ऐकलं तसं केलं."

तिनं चुलीत जाळ सारला. म्हणाली, "तुमी वाचताना चुकलात, ताई. मला तर वाचायचं न्हवतंच. माझं पोरगं व्हतं ते."

म्या भाकरीची टोपली तिच्यापुढं सरकवली आणि उठले.

म्या पुन्हा बैठक बोलावली, त्याच सभामंडपात. जेवढ्या मोठ्यानं त्याला चोर म्हणले होते तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, की चोरी न्हाय, चूक झाली, आणि ती माझी. मान खाली घालून बोलायची मला सवय न्हाय. त्या दिवशी वर होईना. एक बाई म्हणाली, "आमी बी हसलो की गं."

ठरावाची वही म्या महारुद्रापुढं ठेवली. "पहिला ठराव रद्द. त्याला सन्मानानं परत घ्यायचं. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. इरम्माचा तेवढा मांडीवर राहिला. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं, तर ती हळूच म्हणाली, "ह्यो हात आता कुणाबद्दल वर व्हायाचा न्हाय. मला इचारू नका."

महारुद्रानं ते ऐकलं. आईकडं एकदा बघितलं, मग वहीत खाली मान घालून लिहिलं, आणि सहीला वही माझ्याकडं सरकवली. हिशेबात ज्यानं कधी एक आकडा खोटा लिहिला न्हाय, त्यानं तिथं लिहिलं होतं, ठराव सर्वानुमते मंजूर.

म्या वाचलं, आणि खाली सही केली.