सुखात फरक नाही

कंपाउंडरकाका तावातावानेच विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात शिरले. हातात फोन, फोनवर विभागाचा निरोप: ‘पहिला महिना ५, शेवटचा महिना ५. एकूण सुखात फरक नाही.’

सुखाच्या अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला शेवटी त्याचा आकडा कळवायचा, ही इथली पद्धत. आकडा यंत्राने पाठवला होता. यंत्राला काय, ना घर ना दार!

संशोधक बाईंनी खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत.

“फरक नाही म्हणजे? मधल्या काळात माझी बायको गेली, बाई!”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी काकांची उत्तरं पडद्यावर काढली. दिवसातून कधीही फोन वाजायचा आणि विचारायचा, आत्ता दहापैकी किती बरं वाटतंय? रोज संध्याकाळी दुसरा प्रश्न, आजच्या दिवसाला काही अर्थ होता का? बायको अंथरुणाला खिळलेली असताना पहिल्याची सरासरी दोन होती आणि दुसऱ्याची आठ. ती गेल्यावर पहिल्याची सात झाली, दुसऱ्याची तीन.

“दोन्ही मिळवून निम्मे केले, की पाचच येतात,” बाई ओशाळून म्हणाल्या. “बहुतेकांचं बरं वाटणं आणि जगण्याला अर्थ वाटणं बरोबरच वर-खाली होतं. म्हणून काही जण म्हणतात, वेगळं मोजायचंच कशाला? मला ते पटत नाही, पण अहवालात एकच आकडा द्यायचा असं ठरलंय.”

“म्हणजे ती असली काय, नसली काय, सारखंच?”

“नाही हो काका. हिशोब चुकलाय, तुम्ही नाही.”

आता मात्र काका मटकन खुर्चीत बसले.

“ते सात खरे आहेत,” ते हळूच म्हणाले. “ती होती तेव्हा रात्रभर कूस बदलून द्यायची, चादरी धुवायच्या. कंबरेचे पार तुकडे पडायचे. आता झोप लागते. चहा गरम असतानाच पिऊन होतो. बरं वाटतं, बाई, आणि बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटते. मुलाला कसं सांगू? त्याच्यापुढे मी रडवेला चेहरा करून बसतो.”

बाईंनी पडद्याकडे हात केला. “तुमची माहिती काढून टाकायची का? तो हक्क आहे तुम्हाला.”

काकांनी पडद्याकडे पाहिलं. आठ आले होते त्या महिन्यात बायको त्यांना ओळखतही नव्हती. तरी घास भरवताना तोंड उघडायची ती फक्त त्यांच्या हातून.

“काढू नका,” ते म्हणाले. “आठही राहू द्या, सातही राहू द्या. बेरीज तेवढी करू नका.”

बाईंनी होकाराची मान हलवली. काका घरी आले, कुलूप काढलं, दुपारी आडवे झाले आणि त्यांना छान झोप लागली. जाग आली तेव्हा अंधार पडला होता. किती बरं वाटतंय म्हणून ते हसले, आणि हसता हसता त्यांना हुंदका फुटला.