दिवसाला एकच निरोप

आमच्या बेकरीच्या मोबाइलवरच्या चॅनेलवर गिऱ्हाइकांना दिवसाला एकच निरोप जायचा, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. हा नियम माझा होता आणि तो मी फार मोल देऊन शिकले होते. सुरुवातीला नवरा लिहायचा. सकाळी फुलं, दुपारी 'त्वरा करा', संध्याकाळी 'शेवटची संधी', वर सात उद्गारचिन्हं. तीनशे लोक जोडलेले होते. महिनाभरात निरोप पाहणाऱ्यांचा आकडा शंभराच्या खाली उतरला. चॅनेल कोणी सोडलं नव्हतं, लोक भले. त्यांनी नुसता आमचा आवाज बंद केला होता.

मग फोन मी हातात घेतला. काउंटरवर येईल त्याला विचारत सुटले, "खरं सांगा, आमचा निरोप आला की काय वाटतं?" एक रिक्षावाले म्हणाले, "वहिनी, सासूचा फोन आल्यासारखं वाटतं." मी हसले, पण ते बोलणं मनात घर करून राहिलं. फोन खिशातून काढल्यावर पडद्यावर पहिले सहा-सात शब्दच दिसतात. तेवढ्यात माणसाला कामाचं काही मिळालं नाही तर अंगठा पुढे सरकतो. म्हणून शुभ सकाळ नाही, घाई नाही, दटावणी नाही. 'दूध-बिस्किटं आत्ता भट्टीतून निघाली. नऊपर्यंत गरम.' झालं. आणि चॅनेलच्या वर्णनात लिहून टाकलं: दिवसाला एकच निरोप, शब्द दिला.

लोक परतले. पुष्कळांच्या फोनवर आमच्या निरोपाची घंटी मी स्वतः, त्यांच्यासमोर, काउंटरवर चालू करून दिली. त्यात ग्रंथालयातल्या बाई होत्या. त्यांची लेक सात वर्षांची, शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजणारी. बाईंनी पहिल्या दिवशी मला अर्धा तास उलटसुलट विचारलं आणि तेव्हापासून आमची दूध-बिस्किटं सोडून बाहेरचं काही त्या पोरीला देत नसत. माझा निरोप त्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायच्या. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी दुपारी एक वाजता नवरा मागच्या खोलीतून हात पुसत आला. तोंड उतरलेलं.

"अगं, पहाटे नव्या केकसाठी दाण्याचं सारण घोटलं ना, तेच भांडं नुसतं खंगाळून मी बिस्किटांची कणीक मळली."

"घासलं नाही?"

"घाई होती. आत्ता कडेला चिकटलेलं दिसलं."

सकाळपासून पंचवीस-तीस पुडे गेले होते. कोणी नेले ते दोघांनाही धड आठवेना. सकाळच्या गर्दीत हातांकडे लक्ष असतं, चेहऱ्यांकडे नाही. उरलेले पुडे त्याने काउंटरवरून उचलले.

"दुसरा निरोप टाक," तो म्हणाला.

हे वाक्य त्याचं होतं. नंतर मी कितीही घोळवलं तरी ते त्याचंच राहिलं.

आणि मी म्हणाले, "थांबा. दुसरा गेला की पुन्हा तेच. चार महिने घालवलेत मी. आणि पहिल्याच ओळीत 'दाणे' वाचलं तर उद्या कोण येईल?"

मी सकाळचाच निरोप उघडला आणि दुरुस्त केला. वरची गरम बिस्किटांची ओळ तशीच ठेवली. खाली जोडलं: 'आजच्या बिस्किटांत दाण्याचा अंश असू शकतो. ज्यांना चालत नाही त्यांनी कृपया खाऊ नयेत.' 'कृपया' घालायला विसरले नाही. घाबरवणारा शब्द एकही नव्हता. वाचून पाहिलं तर छान वाटलं, अगदी माझ्यासारखं.

दुरुस्ती केली की घंटी वाजत नाही. मला हे माहीत होतं. म्हणूनच तर ती वाट धरली होती. निरोप पाहणाऱ्यांचा आकडा दोनशे चारवरून दोनशे एकतीसवर गेला तेव्हा मी नवऱ्याला दाखवला. "बघा, वाचतायत." पण ते सत्तावीस जण नवे होते. आधीच्या दोनशे चारांपैकी कोणी तो परत उघडून बघणार होतं का? सकाळचा निरोप दुपारी कोण वाचतं? बाईंची आठवण आली नाही असं नाही. आली. त्यांचा नंबरही वहीत होता. मनात म्हटलं, त्या तर अक्षर न् अक्षर वाचतात. आणि मी पावांचे ट्रे लावायला घेतले.

बाईंनी साडेआठला निरोप वाचला होता आणि पावणेनऊला पुडा नेला होता. पोरीने चार वाजता शाळेतून आल्यावर दोन बिस्किटं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. वाटेत नवरा एवढंच म्हणाला, "निरोपावर वेळ आठ वाजून दहाचीच आहे. ओळ तिथे आहे. आपण काही बोलायचं नाही." मी पुढे चालत राहिले.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. घरात माणसं होती, पण त्यांच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं. मला पाहताच त्यांनी हात धरला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही लिहिलं होतंत हो," त्या म्हणाल्या. "मीच वाचलं नाही."

त्यांनी फोन पुढे केला. माझा निरोप. आठ वाजून दहा मिनिटं. शेजारी बारीक, फिकट अक्षरांत 'संपादित', जे शोधणाऱ्यालाच दिसावं असं.

"रोज सगळं वाचते. त्या दिवशी गरम एवढंच वाचलं आणि निघाले असणार. खाली स्पष्ट लिहिलंय. तीन दिवस हेच बघतेय मी. माझ्या हाताने दिली तिला."

नवऱ्याने मागून माझं कोपर दाबलं. जोरात नाही. पहिल्यांदाच मला कळलं की माणसाला गप्प राहणं किती सोपं असतं. काही करावंच लागत नाही. फोन माझ्या बाजूने साक्ष देत होता. मी घडवलेला तो शांत, गोड निरोप एका आईला पटवून देत होता की लेक तिच्या निष्काळजीपणाने गेली, आणि तिला ते पटलं होतं. मला स्वतःची किळस आली.

"बाई," मी म्हणाले, "तुम्ही वाचलंत तेव्हा ती ओळ नव्हती."

त्यांना कळलं नाही.

"मी ती दुपारी एकनंतर घातली. जुन्याच निरोपात. म्हणून वेळ सकाळची दिसते. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सगळं वाचलं होतंत."

नवऱ्याचा हात कोपरावरून गळून पडला. बाईंनी फोन जवळ नेला, ते बारीक अक्षर पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"एक वाजता तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"ती चारला आली शाळेतून."

"हो."

"मग नवीन निरोप का नाही पाठवला?"

माझ्याकडे उत्तर होतं. "दिवसात दुसरा निरोप गेला की लोक आवाज बंद करतात," मी म्हणाले.

बाईंनी माझा हात सोडला. फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि अगदी हळू, काहीतरी समजावून सांगावं तशा म्हणाल्या,

"मी तुमचा आवाज कधी बंद केला नव्हता."