रेघ मारलेल्या ऑर्डरी

गजाशेठचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी त्यांच्या कारखान्यात काही अडलं की फोन यायचाच. कधी जुनी फाइल सापडत नसे, कधी बँकेचं एखादं पत्र. या वेळी आवाज वेगळा होता.

"अंबाताई, एक दिवस या. जयवंताचं प्रकरण आहे. बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही."

जयवंता कळंबची. बी.कॉम. करून आमच्याकडे लागली तेव्हा तिला बिल कसं तपासायचं ते मीच शिकवलं होतं. आता खरेदीच्या ऑर्डरी तीच काढायची. त्या दिवशी उन्हात खोपोलीहून रिक्षानं खालापूरच्या बाजूला गेले, तर फाटकाजवळच्या स्टोअरमध्ये ती एका टोपलीतले बोल्ट मोजत बसलेली दिसली.

"इथं काय करतेस गं?"

"मोजतेय," ती म्हणाली. वर पाहिलं नाही. "शेठनी सांगितलंय, निकाल लागंपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाय. पासवर्ड पण बदललाय."

"कसला निकाल?"

"मी चोर हाय की नाय, त्याचा."

शेजारी हमाल पोशा बिडी शिलगावत होता. तो म्हणाला, "चोर असती तं ही बोल्ट मोजत बसली असती का ताई? बंगला बांधला असता." जयवंता हसली नाही.

वर ऑफिसात गजाशेठनी पंखा माझ्याकडे वळवला आणि एक छापील कागद पुढं केला. त्यांचे वडील भाताची शेती करायचे. जमिनीचा एक तुकडा विकून मुलानं पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करायचा हा कारखाना काढला. माणूस वाईट नाही, पण कागदावर लाल रंग दिसला की घाबरतो.

प्रकरण असं होतं. तीन महिन्यांपूर्वी मुंबईच्या ऑडिटरनी नवी सोय करून दिली होती. पुरवठादारांची बिलं आता ईमेलवर पीडीएफ होऊन येतात. एक प्रोग्राम ती पीडीएफ उघडतो, त्यातून बिल नंबर, ऑर्डर नंबर आणि कराआधीची रक्कम उचलतो आणि एका शीटवर ओळीनं मांडतो. शेजारच्या खान्यात आमच्या ऑर्डरींच्या शीटवरून त्याच नंबरची रक्कम येते. त्यापुढं फरक. बिल ऑर्डरीपेक्षा दहा रुपयांहून जास्त असलं की ओळ लाल.

तीन महिन्यांत तीन लाल ओळी निघाल्या होत्या आणि तिन्ही हिरामणच्या. हिरामण आम्हाला पॅलेट पुरवायचा, म्हणजे माल रचून ठेवायचे लाकडी पाट. एका बिलात दहा हजार जास्त, दुसऱ्यात एकोणीस हजार दोनशे, तिसऱ्यात साडेबारा हजार.

"एक्केचाळीस हजार सातशे," गजाशेठ म्हणाले. "आणि हिरामण कुठला? कळंबचा. जयवंताच्या भावकीतला. ऑडिटर म्हणतात, दोघांचं संगनमत आहे. उद्या ते येतायत. मी तिला काढणार आणि त्याला पुरवठादारांच्या यादीतून उडवणार. फक्त म्हटलं, आधी तुम्ही एकदा नजर टाका."

"तिला विचारलंत?"

"विचारलं. म्हणते, माझ्या हिशेबात सगळं जुळतं. कागद मागितला तर म्हणते कॉम्प्युटर द्या. आता चोराच्या हातात किल्ली द्यायची का?"

मी चष्मा पुसला. खरं सांगायचं तर मला घरी जावंसं वाटत होतं. जन्मभर हेच केलं. भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या क्वार्टर्समध्ये वाढले, शहात्तर साली मोहोपाड्याला एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. तेव्हा बिलं टपालानं यायची, कार्बनचा निळा वास असलेली. एकजण ऑर्डरीच्या वहीतून आकडा वाचायचा, दुसरा बिलावर टिक करायचा. आमचे हेडक्लार्क आबाजी वाचायला बसले की आवाज भटजीसारखा लागायचा. "तीनशे बारा, पैसे चाळीस." टिक. "अठ्ठ्याऐंशी, पैसे शून्य." टिक. दुपारी तीननंतर त्या आवाजानं झोप यायची, पण आकडा सुटायचा नाही.

आधी मी प्रोग्रामवर संशय घेतला. हिरामणची तिन्ही पीडीएफ उघडली. कधी कधी वाचणारा प्रोग्राम कराआधीच्या रकमेऐवजी करासकटची शेवटची बेरीज उचलतो. पण तसं असतं तर प्रत्येक फरक सारख्याच टक्क्यांचा निघाला असता. इथं तो निघत नव्हता. बिलावर एक लाख अडतीस हजार, शीटवर एक लाख अडतीस हजार. वाचन बरोबर होतं. ऑर्डरीच्या खान्यात एक लाख अठ्ठावीस हजार.

"बघा," गजाशेठ म्हणाले. "दोनशे पॅलेट. ऑर्डर सहाशे चाळीसच्या भावानं, बिल सहाशे नव्वदनं."

"हिरामणची बाकीची बिलं कुठायत?"

"ती लाल नाहीत."

"लाल नसलेलीच बघू."

त्यांना ते आवडलं नाही. तरी मी फरकाचा खाना वरून खाली बघत गेले. हिरामणची आणखी पाच बिलं होती. चारांपुढं शून्य. पाचव्यापुढं वजा पंचावन्न हजार दोनशे. ऑर्डर एक लाख अडतीस हजारांची, बिल ब्याऐंशी हजार आठशेचं. बिल ऑर्डरीपेक्षा कमी, म्हणून ओळ लाल झाली नव्हती आणि कुणी तिच्याकडं पाहिलंही नव्हतं.

"शेठ, हा कसला चोर?" मी म्हटलं. "एका हातानं एक्केचाळीस हजार घेतो आणि दुसऱ्या हातानं पंचावन्न हजार सोडतो."

गजाशेठनी मान पुढं काढून तो आकडा दोनदा वाचला. "माल कमी आला असेल."

"मग कमी का पाठवला, ते ऑर्डरीवर दिसेल. ऑर्डरींचं शीट उघडा. तुमचं नव्हे, जयवंता लिहिते ते."

त्यांनी पासवर्ड टाकला, माझ्याकडं पाठ करून. शीट उघडलं. मी हिरामणच्या पहिल्या लाल बिलाचा ऑर्डर नंबर शोधला.

ऑर्डर नंबर होता. दोनशे पॅलेट, सहाशे चाळीस, एक लाख अठ्ठावीस हजार. त्या पूर्ण ओळीच्या मधून एक रेघ मारलेली. खाली, दहा-बारा ओळी सोडून, तोच नंबर पुन्हा. दोनशे पॅलेट, सहाशे नव्वद, एक लाख अडतीस हजार. शेजारी लिहिलेलं, 'लाकडाचा दर वाढला, शेठशी फोनवर बोलणं झालं.' आणि तारीख.

दुसरीही तशीच. दीडशे पॅलेटवर रेघ, खाली एकशे ऐंशी. तिसरीही. आणि ती वजावाली, दोनशेवर रेघ, खाली एकशे वीस, 'एक्स्पोर्टची गाडी रद्द'. अशा बदलायच्या त्या बहुतेक लाकडाच्याच ऑर्डरी, बाकीच्यांचे दर वर्षाचे ठरलेले आणि नगही क्वचितच हलायचे. म्हणून सगळे फरक हिरामणच्याच वाट्याला आले होते.

"हे फोन तुम्ही केले होते का?" मी विचारलं.

गजाशेठनी तारखा पाहिल्या. डोकं खाजवलं. "केले असतील. केले. ती गाडी रद्द झाली ते तर मीच सांगितलं तिला. पण मग शीटला खालचा आकडा का दिसत नाही?"

"शीट नंबर शोधत वरून खाली येतं. पहिला सापडला की थांबतं. मधून मारलेली रेघ माणसाला दिसते, त्याला दिसत नाही."

"म्हणजे चूक जयवंताचीच. जुनी ओळ पुसायची ना! दोन दोन ओळी कशाला ठेवायच्या?"

मोहोपाड्याला लागले त्या पहिल्या आठवड्यात आबाजींनी माझ्या टेबलावरचा खोडरबर उचलून खिडकीबाहेर फेकला होता. "पोरी, हिशेबात पुसायचं नाही. चुकलं, बदललं, तर एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि खाली नवं लिही, नंबर तोच ठेव." पस्तीस वर्षं, तिथं आणि मग इथं, मी तसंच केलं. आणि जयवंता पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर जुना आकडा पुसायला निघाली तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारली होती. खरीखुरी.

"पुसायचं नाही हे तिला मी शिकवलं," मी म्हटलं. "अगदी असंच. रेघ, खाली नवी ओळ, नंबर तोच. चूक माझी आहे."

"तुम्ही सात वर्षं इथं नाही, ताई."

"शिकवलेलं इथंच आहे."

ते हसले, पण बरं हसले नाहीत. "ठीक आहे. उद्या ऑडिटरना विचारतो, मग तिला सांगू."

"उद्या का? आत्ता करून बघू."

ऑर्डरींच्या शीटवर मी एक खाना वाढवला. हिरामणच्या रेघ मारलेल्या चार ओळींपुढं 'रद्द', तूर्त बाकी सगळ्यांपुढं 'चालू'. सूत्र बदलणं मला जमेना. बोटं आता ऐकत नाहीत. शेवटी गजाशेठनी बसून ते बदलून घेतलं, मी फक्त सांगत गेले, की नंबरही तोच हवा आणि पुढं 'चालू'ही हवं. एंटर मारलं. तीन लाल ओळी गेल्या. वजा पंचावन्न हजाराच्या जागी शून्य आलं.

गजाशेठ खुर्ची मागं सारून उठले.

"पोशाला सांगतो, तिला वर बोलाव म्हणून."

"पोशाला नको. सगळ्यांसमोर तिला खाली बसवलंत ना? तुम्ही जा."

ते गेले. मी खिडकीतून पाहिलं. स्टोअरच्या दारात उभे राहून काहीतरी बोलत होते, हात हलवत होते. जयवंता टोपली समोर घेऊन तशीच बसली होती. मग उठली, ओढणीला हात पुसले.

वर आली ती थेट टेबलाशी. माझ्याकडं पाहिलं नाही. शेठना म्हणाली, "पासवर्ड काय हाय आता?"

त्यांनी सांगितला. ती बसली आणि पहिल्यांदा पासवर्डच बदलला.

"आणि हिरामणचं?" मी विचारलं. "त्याची दोन महिन्यांची बिलं अडवून ठेवलीयत."

"आज काढतो."

"काढा, पण तो आता येईल का बघा," जयवंता म्हणाली. "त्यानं पॅलेटच्या फळ्या रसायनीच्या कंपनीला दिल्या परवा. म्हणाला, तुमच्या शेठकडं मी चोर, तिकडं निदान रोख."

गजाशेठ फोन काढत बाहेर गेले.

"मावशी," ती थोड्या वेळानं म्हणाली, "आता पुसायचं का? जुनी ओळ?"

"नाही. पुसायचं नाहीच. शेजारी 'रद्द' लिही."

"तुमी म्हणाला असता तं मी आधीच लिवलं असतं."

"तेव्हा शोधणारं माणूस होतं गं. मला सुचलं नाही."

तिनं मान हलवली. मग शीट वर सरकवत पहिल्या ओळीपाशी नेलं. मला वाटलं होतं, संपलं. पाचची एसटी मिळेल. पण ती म्हणाली, "ज्यांचं बिल जुन्या जास्त आकड्याशी जुळलं, ती पण बघायला पायजे. ती लाल झालीच नसणार."

ती बरोबर होती. ऑर्डर नंतर कमी झालेली असेल आणि कुणी जुन्या आकड्यानं बिल लावलं असेल, तर फरक शून्य आला असेल आणि पैसे निघूनही गेले असतील. आता नव्या खान्यानं ते कळेल, पण रेघ कुठं मारलीय आणि कुठं मारायची राहिलीय ते डोळ्यांनीच बघावं लागणार होतं. तीन महिन्यांच्या एकशे ब्याऐंशी ओळी.

मी खुर्ची जवळ ओढली. कंबर दुखत होती. तिनं माझ्यासाठी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, अजूनही न बघता, आणि ऑर्डरीच्या फायली काढल्या.

"मी वाचू का तुमी वाचता?"

"मी वाचते. तू टिक कर." मी चष्मा नीट केला. "चौऱ्याण्णव हजार पाचशे."

टिक.

"बारा हजार सातशे वीस."

टिक.